नैराश्याच्या गोळ्या : पहिल्या चिठ्ठीपासून शेवटच्या पाव गोळीपर्यंत

दुकानात येणारी काही माणसं मी लांबूनच ओळखतो. काउंटरवर दुसरं गिऱ्हाईक असेल तर ती बाजूला सरकतात, बामच्या बाटल्यांकडे बघत उभी राहतात आणि गर्दी ओसरली की चार घड्या घातलेली चिठ्ठी पुढे करतात. चिठ्ठीवर मानसोपचारतज्ज्ञांचं नाव असतं. औषध घेतलं की ती लगेच निघतात. डॉक्टरांना विचारायचे राहून गेलेले प्रश्न मलाही विचारत नाहीत. मग दहाव्या-बाराव्या दिवशी त्यांतलीच काही जण उरलेली स्ट्रिप परत घ्याल का, म्हणून विचारायला येतात.

सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी बावीस वर्षं औषधांचं दुकान चालवतोय. इतक्या वर्षांत एक गोष्ट पक्की ध्यानात आली आहे. नैराश्याच्या गोळ्या माणसं मुख्यतः दोन वेळेला सोडतात. एक म्हणजे पहिल्या पंधरवड्यात, जेव्हा त्रास सुरू झालेला असतो आणि गुण आलेला नसतो. दुसरी म्हणजे तीन-चार महिन्यांनी, जेव्हा इतकं बरं वाटत असतं की गोळीची गरजच उरली नाही असं वाटतं. दोन्ही वेळा आधी सांगून ठेवता येण्यासारख्या आहेत, म्हणून हे लिहितोय. औषध कोणतं आणि किती, हे डॉक्टरच ठरवणार. दोन भेटींच्या मधल्या दिवसांत काय होईल आणि त्याचा अर्थ काय, तेवढं इथे वाचा.

आधी स्ट्रिप उलटी करून वाचा

पुढच्या बाजूला मोठ्या अक्षरांत असतं ते कंपनीचं नाव. ते बाजूला ठेवा. मागच्या बाजूला बारीक अक्षरांत प्रत्येक गोळीत काय आणि किती मिलिग्रॅम आहे ते छापलेलं असतं. ते नाव एका कागदावर लिहून घ्या आणि कागद पाकिटात ठेवा. गावाबाहेर गोळ्या संपल्या तर कंपनीच्या नावापेक्षा हे नाव उपयोगी पडतं, कारण तेच औषध वेगवेगळ्या कंपन्या वेगवेगळ्या नावांनी विकतात. जनऔषधी केंद्रात तर मूळ नावानेच मागावं लागतं.

माझ्याकडे सर्वांत जास्त येणारं नाव एस्सिटॅलोप्राम. त्याच घरातली सर्ट्रालिन, फ्लुऑक्झेटिन आणि पॅरोक्सेटिन. ही सगळी सेरोटोनिन नावाच्या मेंदूतल्या रसायनावर काम करतात. पहिल्या खेपेला डॉक्टर बहुधा यांतलंच एक देतात. दुसरं घर व्हेन्लाफॅक्सिन, डेस्व्हेन्लाफॅक्सिन आणि ड्युलॉक्सेटिनचं. ती सेरोटोनिनबरोबर आणखी एका रसायनावर काम करतात. मिर्टाझापिन रात्री घ्यायची असते. ती झोप आणते, भूकही वाढवते. त्यामुळे अन्नावरची वासना उडालेल्या, रात्ररात्र जाग्या असणाऱ्या माणसाला ती दिलेली दिसते. अ‍ॅमिट्रिप्टिलिन हे जुन्या पिढीतलं औषध. आता ते कमी मात्रेत मज्जातंतूंच्या दुखण्यावर आणि अर्धशिशीवरही देतात. म्हणून पाठीच्या दुखण्यावर ही गोळी मिळाली आणि मोबाइलवर शोधल्यावर ‘डिप्रेशनची गोळी’ असं दिसलं, तर डॉक्टरांनी काही लपवलं असं समजू नका.

स्ट्रिपच्या मागे एकाऐवजी दोन नावं असतील तर मात्र थांबा आणि नीट वाचा. आपल्याकडे एस्सिटॅलोप्राम आणि क्लोनाझेपाम एकाच गोळीत असलेली जोडगोळी फार चालते. ही दोन औषधं स्वभावाने अगदी वेगळी आहेत. क्लोनाझेपाम धडधड आणि घालमेल तासा-दोन तासांत शमवतं, झोप आणतं. पण रोज घेत राहिलं तर काही आठवड्यांतच शरीराला त्याची सवय लागते. एस्सिटॅलोप्रामला गुण यायला आठवडे लागतात. जोडगोळी घेणाऱ्याला पहिल्याच रात्री शांत झोप लागते आणि ‘काय लागू पडली गोळी!’ असं वाटतं. ते काम क्लोनाझेपामचं असतं. पुढे डॉक्टर क्लोनाझेपाम कमी करून नुसतं एस्सिटॅलोप्राम देतात, तेव्हा हीच माणसं माझ्याकडे येऊन म्हणतात, ‘आधीचीच द्या, या नव्या गोळीत दम नाही.’ ती मी देत नाही. तुमच्या हातात जोडगोळी असेल तर पहिल्याच भेटीत डॉक्टरांना विचारा की यातलं क्लोनाझेपाम किती दिवस घ्यायचं आणि ते कसं कमी करायचं.

डॉक्टरांनी न विचारताही सांगायच्या गोष्टी

पूर्वी कधी आठ-दहा दिवस असे गेले होते का, की दोन-तीन तास झोपूनही थकवा नाही, डोक्यात योजनांचा पूर, हातून भरमसाट खर्च, बोलणं थांबतच नाही? घरात कुणाला असं झालं होतं का? हे आपणहून सांगा. अशा माणसाला नुसती नैराश्याची गोळी दिली तर ती त्याला दुसऱ्या टोकाला, उन्मादाकडे ढकलू शकते. तिथे उपचाराची वाटच वेगळी असते. नैराश्यात असताना ते उत्साहाचे दिवस आजार वाटत नाहीत, म्हणून माणूस ते सांगत नाही.

दुसरं म्हणजे बाकीच्या सगळ्या गोळ्या एका पिशवीत घालून डॉक्टरांपुढे ठेवा. एस्सिटॅलोप्रामच्या घरातल्या औषधांबरोबर डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन किंवा अ‍ॅस्पिरिन चालू असेल तर पोटात रक्तस्राव होण्याचा धोका वाढतो. गुडघेदुखीसाठी रोज वेदनाशामक घेणाऱ्या आजींच्या बाबतीत हे फार महत्त्वाचं आहे. ट्रॅमाडॉल हे वेदनाशामक आणि काही कफ सिरपमधलं डेक्स्ट्रोमिथॉर्फन ही दोन्ही सेरोटोनिन वाढवतात, म्हणून ती आपल्या मनाने घेऊ नका. मेडिकलमधून खोकल्याचं औषध घेताना ‘माझी ही गोळी चालू आहे’ एवढं वाक्य आम्हाला पुरतं.

पहिले दोन आठवडे : त्रास आधी, गुण मागाहून

आता एका ताईंची गोष्ट सांगतो. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. वय त्रेचाळीस, पतसंस्थेत नोकरी, मुलगी नववीत. मार्च महिन्यात मिस्टरांबरोबर आल्या. चिठ्ठीत एस्सिटॅलोप्राम 5 मिलिग्रॅम सकाळी नाश्त्यानंतर सात दिवस, मग 10 मिलिग्रॅम, आणि क्लोनाझेपाम 0.25 मिलिग्रॅम रात्री फक्त दोन आठवडे. वेगवेगळ्या गोळ्या आणि झोपेच्या गोळीला मुदत घातलेली. अशी चिठ्ठी बघून मला बरं वाटतं.

तिसऱ्या दिवशी मळमळ सुरू झाली. पोळी बघवेना. एकदा-दोनदा पातळ जुलाब झाले, डोकं जड राहिलं. पाचव्या-सहाव्या दिवशी बेचैनी वाढली. बसलं तर उठावंसं वाटे, हाताला बारीक कंप, रात्री घामाने उशी ओली. नवव्या दिवशी त्या एकट्याच दुकानात आल्या आणि स्ट्रिप काउंटरवर ठेवून म्हणाल्या, ‘भाऊ, मला हे औषध सोसत नाही. आधी नुसतं मन आजारी होतं, आता शरीरपण झालं.’

हे का होतं, तेवढं समजलं तर सोसणं सोपं जातं. शरीरातलं बहुतेक सगळं सेरोटोनिन मेंदूत नसून आतड्यात असतं. गोळी पोटात गेली की तिचा परिणाम आतड्यावर पहिल्या दिवसापासून होतो, म्हणून मळमळ आणि जुलाब आधी येतात. मेंदूतही गोळी काही तासांतच काम सुरू करते, सेरोटोनिन परत शोषलं जाऊ देत नाही. पण एवढ्याने मन उचललं जात नाही. वाढलेल्या सेरोटोनिनशी मेंदूच्या पेशी हळूहळू जुळवून घेतात, आणि या जुळवणीलाच आठवडे लागतात. ‘मेंदूत एक रसायन कमी पडलं, गोळीने ते भरून काढलं’ हे स्पष्टीकरण सोपं आहे, पण तेवढं पुरेसं नाही. ते खरं असतं तर गुण दुसऱ्याच दिवशी आला असता.

मळमळ बहुधा आठवड्या-दोन आठवड्यांत ओसरते. गोळी रिकाम्या पोटी न घेता भाकरी-भाजी खाऊन घेतली तर कमी होते. गोळीने झोप उडत असेल तर सकाळी घ्यायची, गुंगी येत असेल तर रात्री. ही अदलाबदल डॉक्टरांना एक फोन करून करता येते. तोंड कोरडं पडतं, त्याला घोट-घोट पाणी आणि तोंडात एखादी लवंग. त्या दिवशी ताईंच्या समोरच मी डॉक्टरांना फोन लावला. त्यांनी परत 5 मिलिग्रॅमवर येऊन आणखी एक आठवडा थांबायला सांगितलं. पुढच्या पाच दिवसांत मळमळ गेली.

या पंधरवड्यात घरच्यांनी एका गोष्टीवर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवायला हवं. नैराश्यात माणसाला जीव नकोसा वाटत असतो, पण हात उचलायचीही ताकद नसते. गोळी सुरू झाल्यावर कधीकधी मनाआधी अंगातली चलबिचल जागी होते. पंचविशीच्या आतल्या मुला-मुलींमध्ये सुरुवातीच्या आठवड्यांत आणि मात्रा बदलल्यावर आत्महत्येचे विचार वाढू शकतात. अमेरिकेच्या औषध नियंत्रकांनी 2004 मध्ये लहान मुलांसाठी आणि 2007 मध्ये चोवीस वर्षांपर्यंतच्या तरुणांसाठी या औषधांवर ठळक चौकटीत तसा इशारा छापायला लावला. याचा अर्थ गोळी देऊच नये असा नाही. पहिला महिना त्या मुलाला एकटं ठेवू नये, सगळा साठा घरातल्या मोठ्याच्या ताब्यात ठेवून रोजची गोळी रोज द्यावी आणि डॉक्टरांची दुसरी भेट आठवड्या-दोन आठवड्यांत ठेवावी. जुन्या अ‍ॅमिट्रिप्टिलिनसारख्या गोळ्या जास्त प्रमाणात घेतल्या तर हृदयावर घात करतात, त्या तर कुलपातच हव्यात. ‘मी नसलेलीच बरी’ अशी भाषा ऐकू आली किंवा अचानक भयंकर तगमग दिसली तर भेटीच्या तारखेची वाट पाहू नका, त्याच दिवशी डॉक्टर गाठा. सरकारची टेलि-मानस ही हेल्पलाइन 14416 या क्रमांकावर रात्रंदिवस चालू असते आणि तिथे मराठीत बोलता येतं.

वयस्कर माणसांचा प्रश्न निराळा. साठी-पासष्टीच्या पुढे, विशेषतः बीपीसाठी लघवी जास्त होण्याची गोळी चालू असेल तर, पहिल्या काही आठवड्यांत रक्तातलं सोडियम उतरू शकतं. आजोबा असंबद्ध बोलायला लागले, फार मरगळले, चालताना तोल जाऊ लागला, तर त्याला म्हातारपण किंवा नैराश्य म्हणून सोडून देऊ नका. साध्या रक्ततपासणीत सोडियम कळतं.

तिसरा ते आठवा आठवडा : गुण कसा ओळखायचा

गुण आला की एका सकाळी आभाळ उघडल्यासारखं वाटेल अशी लोकांची समजूत असते. तसं होत नाही. आधी झोप थोडी सुधारते, पहाटे तीनला जाग येणं पाचवर जातं. मग चिडचिड आणि रडू कमी होतं. उदासी सर्वांत शेवटी हलते. ज्याला आजार आहे त्याच्या आधी घरच्यांच्या लक्षात येतं, हे मी कितीदा पाहिलं आहे.

ताईंच्या बाबतीत 10 मिलिग्रॅम सुरू होऊन तिसरा आठवडा लागला होता. मिस्टर स्ट्रिप न्यायला आले आणि म्हणाले, ‘परवा रविवारी तिने मुलीच्या डोक्याला तेल लावलं.’ एवढंच. चार महिने त्या घरात कुणी कुणाच्या डोक्याला हात लावला नव्हता. ताई स्वतः मात्र तेव्हाही म्हणत होत्या की काही फरक नाही. ‘आता बरं वाटतंय’ हे त्यांच्या तोंडून आलं सातव्या आठवड्यात.

म्हणून एक साधी वही करा. रोज रात्री तारीख, झोपेचे तास, जेवण किती गेलं, आंघोळ-कामं झाली का आणि दिवसाला दहापैकी किती गुण, एवढ्याच नोंदी. रोज बघितलं तर बदल दिसत नाही, पण पहिलं पान आणि तिसाव्या दिवसाचं पान शेजारी ठेवलं की दिसतो. डॉक्टरांच्या दहा मिनिटांच्या भेटीत ही वही मोठं काम करते.

दिवस मोजायचे ते पुरेशी मात्रा सुरू झाल्यापासून. 5 मिलिग्रॅमचे सुरुवातीचे दिवस फक्त शरीराला सवय करण्यासाठी असतात, ते हिशेबात धरू नका. पूर्ण मात्रेवर चार आठवडे होऊन वहीत तिळमात्र फरक नसेल, तर डॉक्टर मात्रा वाढवतात किंवा गोळी बदलतात. थोडा फरक असेल तर सहा ते आठ आठवडे थांबायला सांगतात. पहिलीच गोळी सर्वांना लागू पडते असं नाही. दुसरी द्यावी लागली तर तुमचा आजार हाताबाहेर गेला असा त्याचा अर्थ होत नाही. एखादी गोळी चुकली तर त्याच दिवशी आठवली की घ्या. दुसऱ्या दिवशी आठवली तर गेलेली सोडून द्या, दोन एकदम घेऊ नका. दारू या काळात टाळाच. ती गुंगी वाढवते आणि दुसऱ्या दिवशीची उदासीही.

जो त्रास लोक सांगत नाहीत

मळमळ सगळे सांगतात. शरीरसंबंधांतली अडचण कुणी सांगत नाही, आणि औषध गुपचूप बंद करण्यामागे ती बरेचदा असते. या गोळ्यांनी इच्छा कमी होते, पुरुषांत वीर्यपतनाला फार वेळ लागतो, बायकांनाही समाधानापर्यंत पोचता येत नाही. मळमळीसारखं हे पंधरा दिवसांत जात नाही, गोळी चालू असेपर्यंत राहू शकतं. क्वचित कुणाला गोळी बंद झाल्यावरही काही काळ हा त्रास राहतो. यावर उपाय करता येतात. डॉक्टर मात्रा कमी करून बघतात किंवा मिर्टाझापिन, बुप्रोपिऑन यांसारख्या, हा त्रास कमी असलेल्या औषधाकडे वळवतात. पण त्यासाठी हे त्यांच्या कानावर जायला हवं. तोंडाने बोलता येत नसेल तर वहीत लिहून पान पुढे करा. असं करणारे लोक मी पाहिले आहेत, आणि डॉक्टरांना त्याचं काही नवल वाटत नाही.

काही महिन्यांनी वजन वाढलेलं दिसतं, मिर्टाझापिन आणि पॅरोक्सेटिनवर जास्त. कुणाला दुःख जातं पण आनंदही फारसा जाणवत नाही, सगळं सपाट वाटतं. हेही मात्रेशी निगडित असू शकतं, तेव्हा सांगा.

बरं वाटलं, मग गोळी का चालू ठेवायची

नैराश्याचा पहिलाच झटका असेल तर पूर्ण बरं वाटायला लागल्यापासून पुढे किमान सहा महिने, बरेचदा नऊ महिने, त्याच मात्रेवर गोळी चालू ठेवतात. पूर्वी एक-दोनदा झालेलं असेल तर दोन वर्षं किंवा त्याहून जास्त. हा हिशेब पहिल्या गोळीपासून नाही, बरं वाटण्यापासून. त्याआधी सोडली तर आजार उलटण्याची शक्यता बरीच वाढते.

ताईंना मे महिन्यात बरं वाटू लागलं. सप्टेंबरात गणपतीला त्या सासरी कोकणात गेल्या. गोळ्या नेल्याच नाहीत. घरात सासूबाई, जावा, पाहुणे. कुणी स्ट्रिप बघितली तर काय सांगायचं हा एक विचार, आणि देवाच्या कामात औषध कशाला हा दुसरा.

पहिले दोन दिवस मोदकांच्या गडबडीत गेले. तिसऱ्या दिवशी सकाळी मान वळवली की जमीन सरकल्यासारखं व्हायला लागलं. डोळे एका बाजूकडून दुसरीकडे फिरवले की डोक्यात क्षणभर करंट लागल्यासारखा झटका. रात्री इतकी स्पष्ट, भीतिदायक स्वप्नं की उठून बसल्या. चौथ्या दिवशी उलटी झाली आणि आरतीच्या वेळी हुंदके आवरेनात. घरात कुणी म्हणालं पित्त, कुणी मानेचा मणका, एका जाऊबाईंनी नारळ उतरवून टाकला. ताईंना वाटलं, आजार परत आला आणि या वेळी जास्त वाईट.

मिस्टरांनी मला फोन केला. मी पहिलं विचारलं, ‘गोळी कधीपासून बंद आहे?’ तिथून डॉक्टरांशी बोलणं झालं, त्यांनी जुनीच मात्रा पुन्हा सुरू करायला सांगितली. पाकिटातल्या कागदावर औषधाचं मूळ नाव होतं आणि मोबाइलमध्ये चिठ्ठीचा फोटो होता, म्हणून जवळच्या गावात गोळी मिळाली. दोन दिवसांत झटके थांबले, चक्कर गेली.

गोळी असल्याची मेंदूने सवय करून घेतलेली असते. ती एकाएकी काढली की त्या जुळवणीचा आधार जातो, आणि ती मोडून नव्याने बसेपर्यंत असा गोंधळ होतो. यालाच औषध बंद केल्याचा त्रास म्हणतात. ही दारूसारखी नशेची तलफ नाही, माणूस गोळीसाठी वखवखत नाही. पण त्रास खरा असतो, आणि कधीकधी तो आठवडेच्या आठवडे, क्वचित महिनोन्‌महिने चालतो.

आजार उलटणं आणि हा त्रास यांत फरक करायला वेळेकडे बघा. बंद केल्यापासून दोन-चार दिवसांतच सुरू झालं, आणि आजारात कधी नव्हती अशी लक्षणं आहेत, म्हणजे डोक्यातले झटके, गरगरणं, मुंग्या, फ्लूसारखी अंगदुखी, तर तो बंद केल्याचा त्रास. गोळी पुन्हा घेतल्यावर तो एक-दोन दिवसांत उतरू लागला तर खात्रीच. आजार परत येतो तो सावकाश, आठवड्या-महिन्यांनी, आणि आपल्या जुन्याच चेहऱ्याने. तीच पहाटेची जाग, तेच निरर्थक वाटणं. त्यावर गोळी पुन्हा सुरू केली तरी दोन दिवसांत फरक पडत नाही. काही वेळा दोन्ही एकमेकांत मिसळतात, तेव्हा निदान डॉक्टरांवर सोडा.

कोणती गोळी किती त्रास देते हे ती शरीरातून किती भरभर निघून जाते यावर बरंच अवलंबून आहे. व्हेन्लाफॅक्सिन काही तासांतच अर्ध्यावर येते, तिची एक गोळी चुकली तरी संध्याकाळपर्यंत कुणाकुणाला जाणवतं. पॅरोक्सेटिन जवळपास एका दिवसात अर्ध्यावर येते, तीही त्रासदायक. एस्सिटॅलोप्राम साधारण तीस तासांत. फ्लुऑक्झेटिन आठवडेच्या आठवडे अंगात रेंगाळते, म्हणून तिचा त्रास कमी आणि उशिरा होतो. आणि जोडगोळी असेल तर ती अचानक बंद करणं सर्वांत वाईट. एकाच दिवशी दोन औषधं सुटतात, आणि बरेच महिने घेतलेलं क्लोनाझेपाम एकदम थांबलं तर फिटसुद्धा येऊ शकते.

गरोदर असल्याचं कळलं म्हणून घाबरून त्याच दिवशी गोळी फेकून देणाऱ्या मुलीही मला भेटल्या आहेत. तसं करू नका, डॉक्टरांना लगेच फोन करा. काही औषधं गरोदरपणातही चालू ठेवता येतात.

गोळी उतरवायची कशी

ताईंची गोळी जानेवारीतच कमी करता आली असती. पण मुलीची दहावीची परीक्षा मार्चमध्ये होती, म्हणून डॉक्टरांनी एप्रिलपर्यंत थांबायचं ठरवलं. लग्न, परीक्षा, बदली, घरातलं आजारपण अशा काळात गोळी कमी करायला घेऊ नये.

एप्रिलमध्ये 10 वरून 5 मिलिग्रॅम. काहीच जाणवलं नाही. पाच आठवड्यांनी 5 च्या गोळीचा अर्धा तुकडा, म्हणजे अडीच मिलिग्रॅम. या पायरीला चार दिवस डोकं हलकं वाटलं, स्वप्नं पडली, मग थांबलं. सहा आठवडे अडीचवर राहून मग सव्वा, म्हणजे पाव गोळी, आणखी महिनाभर. पाव तुकडा हाताने सारखा होत नाही. दुकानात शंभरेक रुपयांत गोळी कापायची डबी मिळते, तिच्यात पातं असतं. एका वेळी एकच गोळी कापायची आणि तुकडे त्याच डबीत ठेवायचे.

इथे एक बारकावा आहे. माणसाला वाटतं 10 वरून 5 ही मोठी उडी आणि अडीचवरून शून्य किरकोळ. मेंदूच्या दृष्टीने उलट असतं. थोड्या मात्रेतच औषधाचं बरंचसं काम झालेलं असतं, त्यावर वाढवलेल्या मात्रेने थोडीशीच भर पडते. म्हणून वरून उतरताना सुरुवातीच्या पायऱ्या बुटक्या असतात आणि शेवटची सर्वांत उंच. नेमकी तिथेच लोक ‘आता काय एवढीशी राहिली’ म्हणून उडी मारतात. ब्रिटनच्या मानसोपचारतज्ज्ञांच्या रॉयल कॉलेजने 2020 मध्ये रुग्णांसाठी काढलेल्या मार्गदर्शनातही शेवटच्या पायऱ्या अशाच लहान-लहान करत जायला सांगितलं आहे.

‘एक दिवसाआड घ्या आणि मग बंद करा’ हा सल्ला एस्सिटॅलोप्रामला बसत नाही. तीस तासांत अर्धी होणारी गोळी एक दिवस चुकवली की दोन दिवसांत एक-तृतीयांशावर येते आणि पुढच्या गोळीने पुन्हा वर जाते. मेंदूला दर दोन दिवसांनी एक छोटा झटका बसतो. रोज घ्यायची, पण तुकडा लहान करत जायचा.

सगळ्या गोळ्या मात्र कापता येत नाहीत. जिच्या नावापुढे ‘एक्सआर’, ‘ईआर’ किंवा ‘सीआर’ लिहिलेलं असतं ती सावकाश विरघळावी म्हणून बनवलेली असते. कापली की सगळं औषध एकदम सुटतं. ड्युलॉक्सेटिनची कॅप्सूल उघडून तिचे दाणे चुरायचेही नसतात. तिथे डॉक्टर कमी मात्रेची गोळी लिहून देतात किंवा औषध बदलून मग उतरवतात. कोणत्याही पायरीवर त्रास जास्त झाला तर आधीच्या मात्रेवर परत जायचं, तिथे काही आठवडे स्थिर व्हायचं आणि पुढची पायरी निम्मी करायची.

ताईंचा शेवटचा पाव तुकडा ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात संपला. रोजची वही त्यांनी आणखी सहा महिने चालू ठेवली, आणि डॉक्टरांनी पुढची भेट गोळी बंद झाल्यावर महिनाभराने ठेवली होती, गणपतीच्या आधी.